खोगीरवाल्याचा होकार

सोनुन एजे (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला एजे म्हणतात) आमच्या एजन्सीत आली तेव्हा मला वाटलं, ही बाई महिनाभरही टिकायची नाही. पन्नाशी उलटलेली, कंबर धरून बसणारी, आणि फोनला हात लावायच्या आधी पदराला पुसावा तसा रुमालाला हात पुसणारी. बिश्केकच्या बसस्थानकावर तिनं उभं आयुष्य काढलं होतं. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते माइकवरून सांगायचं, आणि ड्रायव्हरच्या कागदावर डॉक्टरची आणि मेकॅनिकची सही बघितल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हे तिचं काम. गाड्या खाजगी झाल्या, माइक बंद पडला आणि ही घरी बसली. आमचा मालक एर्मेक तिचा लांबचा भाचा. त्यानं तिला दयेपोटी आणलं, असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं म्हणजे त्याला गरज होती.

आमचं काम म्हणजे लहान लहान दुकानदारांची इन्स्टाग्राम पानं चालवणं. एक दातांचा डॉक्टर, एक सामसे म्हणजे मांसाचे समोसे विकणारा, एक शिवणवाली, एक मोटारी धुणारा, आणखी असेच. मजकूर एर्मेक लिहायचा, चित्रं आणि व्हिडिओ मी करायची, आणि कधी काय टाकायचं ते कुणाच्याच डोक्यात नसायचं. एकदा सामशाची जाहिरात दाताच्या डॉक्टरच्या पानावर गेली. वर लिहिलेलं, 'एकदा चावून तर बघा!' डॉक्टरनं आम्हाला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सोनुन एजेनं आल्या आल्या सगळ्याला शिस्त लावली. सोमवारी येत्या आठवड्याचा तक्ता. बुधवारपर्यंत मजकूर आणि चित्रं तयार. गुरुवारी सकाळी प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या त्याच्या टेलिग्राम गटात त्याचा संच, आकडे घालून. गिऱ्हाइकानं एक तर अंगठ्याचं चित्र पाठवायचं, नाही तर काय बदलायचं ते सांगायचं. बदल करून पुन्हा पाठवायचा, पुन्हा अंगठा घ्यायचा. अंगठा आला की तक्त्यातला रकाना हिरवा. शुक्रवारी फक्त हिरव्या रकान्यांना वेळ लावायची, आणि लावताना दुकानाचं नाव मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्या कुणी तरी पडद्यावर बघून 'हो' म्हणायचं. ती नावं अशी पुकारायची की मला वाटायचं, आता सामसेवाला पिशव्या घेऊन फलाट तीनवर धावत सुटेल.

आणि रोज सकाळी, त्या दिवशी जाणाऱ्या सगळ्या गोष्टी ती पुन्हा एकदा बघायची. आपण वेळ लावून ठेवली तेव्हाचं जग आणि आजचं जग एकच आहे का, हे बघायचं म्हणे. गॅस गेला असेल तर 'गरमागरम' शब्द थांबवायचा.

एर्मेकचं आणि तिचं एकाच गोष्टीवरून वाजायचं.

"एजे, सगळीकडे नियम आहे," तो म्हणायचा. "शुक्रवार दुपारपर्यंत गप्प बसला तर होकार समजायचा. करारात लिहून टाकू."

"गप्प बसलेला माणूस झोपलेला असेल, दारू पिऊन पडला असेल, मेलेला असेल. तू गाडी सोडणार?"

"अगं, इथे कुणी मरत नाही. पोस्ट आहे ती!"

"अंगठा आणून दे, लगेच सोडते," एजे म्हणायची आणि चहा ओतायला उठायची.

या सगळ्या गिऱ्हाइकांत तिचा लाडका एकच, सातिबाल्दी आके, म्हणजे दादा. तोकमोकच्या पलीकडच्या एका गावातला खोगीर बनवणारा म्हातारा. त्याची एकुलती एक मुलगी आयपेरी परदेशात, येकातेरिनबुर्गला नवऱ्याबरोबर होती. बापाची कला जगाला दिसावी म्हणून तिनं आम्हाला काम दिलेलं. त्याला फोन तिनंच घेऊन दिला, त्यात सगळं तिनंच चालू करून दिलं. फक्त एक अट घातली होती, होकार बाबांचाच घ्यायचा.

आणि बाबा असे होते की त्यांनी एकही संच सरळ मंजूर केला नाही. काही ना काही खुसपट काढायचेच. काढायला काही नसलं तर चांगलं वाक्य मोडून ठेवायचे. मग एजेनं एक युक्ती काढली. दर आठवड्याला ती त्यांच्या संचात मुद्दाम एक ठळक चूक पेरायची. म्हातारा ती बरोबर पकडायचा, आवाजी निरोप पाठवून आमच्या शहरीपणाचा उद्धार करायचा आणि खूश होऊन बाकीच्याला हात लावायचा नाही. "त्याला तेवढंच सुख, आपल्याला तेवढीच सोय," एजे म्हणायची. त्याचे ते निरोप ती आम्हा सगळ्यांना मोठ्यानं ऐकवायची. एकदा तो म्हणाला होता, "पोरी, तुमच्या त्या एर्मेकला घोड्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते तरी दाखव कुणी!" एर्मेक सोडून सगळे खूप हसलो.

त्याचे व्हिडिओ आम्ही उन्हाळ्यात एका दिवसात घेऊन ठेवले होते, सगळ्या हिवाळ्याला पुरतील एवढे. म्हाताऱ्यानं टोपी बदलून बदलून बोलून घेतलं. प्रत्येकाच्या शेवटी तेच, "या, मी बसलोय दुकानात."

नोव्हेंबर लागला. घराघरातल्या कोळशाचा धूर इतका दाटला की समोरची इमारत दिसेना, भर दुपारी दिवे लावून बसायचो. त्याच सुमाराला एका गुरुवारी सातिबाल्दी आकेचा अंगठा आला. नुसता अंगठा. संच पाठवला आणि मिनिटभरात उत्तर. त्यात एजेनं पेरलं होतं की त्यानं कला मामाकडून उचलली. मामा कुठला, आजोबा! यावर तर म्हाताऱ्यानं तासभर ओरडायला हवं होतं.

"बरं नसेल त्याला," एजे म्हणाली, आणि चूक स्वतःच काढून टाकली. फोन लावला, कुणी उचलला नाही. थोड्या वेळानं लेखी उत्तर आलं, 'घसा बसला आहे.' घसा बसला म्हणून बोटं कशी बसली, असं मी म्हणाले. एजे हसली नाही.

पुढच्या गुरुवारी तिनं लिहिलं की दुकान शुक्रवारी बंद असतं. शुक्रवार तर बाजाराचा दिवस. त्यावरही अंगठा, तितक्याच लवकर. व्हिडिओ उघडून बघायला जेवढा वेळ लागतो तेवढाही गेला नव्हता. त्याच आठवड्यात पानावर कुणीसं लिहिलं, 'गेलो होतो. दुकानाला कुलूप आहे.' आणि वर म्हातारा हसत सांगत होता, या, मी बसलोय.

मला सांगायला लाज वाटत नाही, मला भीती वाटायला लागली. मी ते व्हिडिओ कापत बसायची. कानाला लावलं की म्हाताऱ्याचा श्वास, बोलण्याआधीचं खाकरणं, सगळं ऐकू यायचं. तिकडे अंगठे पाठवणारं जे काही होतं त्याला त्यातलं काहीच नको होतं. त्याला फक्त हो म्हणायचं होतं.

तिसऱ्या गुरुवारी एजेनं असली चूक पेरली की ती बघून एर्मेकही म्हणाला, "एजे, हे फार होतंय." तिनं लिहिलं, 'आमच्या खोगिरांचा सांगाडा पॉपलरच्या लाकडाचा असतो.' आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल की पॉपलर चुलीत घालतात. सातिबाल्दी आके बर्चशिवाय दुसऱ्या लाकडाला शिवायचा नाही. कुणी दुसऱ्या लाकडाचं खोगीर आणलं तर तो ते दुकानाच्या बाहेर ठेवायला लावायचा.

अंगठा आला.

एजेनं फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "हा तो नाही," ती म्हणाली.

"मग कोण?" एर्मेक म्हणाला. "अंगठा आलाय ना? नंबर त्याचा, फोन त्याचा. रकाना हिरवा कर आणि मोकळी हो."

"सही दुसऱ्याच कुणाची असेल तर गाडी सोडायची नसते. आइझिरेक, ऊठ पोरी. गाडी काढ."

मी निघाले. आढेवेढे घेतले असते, पण तिचा चेहरा बघून तोंड उघडवेना. रस्त्यात धुकं आणि धूर एकत्र झालेला. पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता.

गावात शिरलो तेव्हा दुपार कलली होती. म्हाताऱ्याच्या फाटकापाशीच एजे थांबली आणि तिनं नाक वर केलं. तळणीचा वास येत होता. बोरसोक तळत होतं कुणी तरी, नुसत्या कणकेचे छोटे गोळे. गुरुवारी आमच्याकडे गेलेल्या माणसांसाठी तेल तापवतात, त्यांना वास पोचतो म्हणून. तळणारी घरं पुष्कळ असतात, आपल्या आजीआजोबांसाठी कुणीही तळतं. पण अंगणात एका जागी गवत गोल दबलेलं होतं. तंबू उभारून, मयत ठेवून, पुन्हा उतरवल्यावर राहतं तसं. एजेनं दुआ मागून तळवे तोंडावरून फिरवले आणि म्हणाली, "आता आत चल."

बात्मा आपा, म्हाताऱ्याची बायको, चुलीपाशी उभी होती. काळे कपडे, डोक्याला काळा रुमाल. आम्हाला बघून ती दचकली आणि पहिला प्रश्न तिनं हा विचारला, "आयपेरीनं पाठवलं तुम्हाला?"

"नाही आपा," एजे म्हणाली. "मी सोनुन. तुमच्या मालकांना दर गुरुवारी त्रास देणारी."

मग म्हातारी खाली बसली. काचेच्या कपाटाला टेकून सातिबाल्दी आकेचा फोन ठेवलेला होता. शेजारी खिळ्याला एक गुलाबी फुलांचा रुमाल अडकवलेला. मुलगी व्हिडिओवर बोलायला आली की म्हातारी काळा रुमाल काढून तो बांधायची आणि हसायची. बाबा कुठे आहेत विचारलं की सांगायची, घशाचं छोटं ऑपरेशन झालंय, बोलायला बंदी आहे, दुकानात झोपतात. मुलगी अंगठे बघायची, रोजचे व्हिडिओ बघायची. बाप बोलतोय, टोप्या बदलतोय, तिची खात्री पटायची.

"तिला सातवा महिना," आपा म्हणाली. "आधीची दोन गेली. इस्पितळात ठेवलंय, डॉक्टरनं तिला खाटेवरून उतरायलाही बंदी केलीय. मी सांगितलं तर हेही जाईल. आणि मरणाची बातमी फोनवर सांगतात का ग कुठे? चार वडीलधारी माणसं जातात, शेजारी बसतात, हळूहळू सांगतात. तिथे कोण बसणार तिच्याजवळ? म्हणून मी साऱ्या गावाला शपथ घातली. ते गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तुमचा संच आला. मला ते वाचता येईना, डोळ्यांत पाणी. मी अंगठा दाबला. नाही दाबला असता तर तुम्ही बंद केलं असतं ना?"

"केलं असतं," एजे म्हणाली.

"मग तिला कळलं असतं."

आपानं तिचा हात धरला. "बाळ होईपर्यंत चालू ठेव. तुझ्याजवळ त्यांचे व्हिडिओ आहेत ना अजून? संपले तर म्हणे हल्ली आवाज यंत्रानं बनवतात. पुतण्या सांगत होता. बनवा तुम्ही. मी हो म्हणेन सगळ्याला."

तसा आवाज बनवता येतो, आणि तो मलाच बनवावा लागला असता. उन्हाळ्यातलं ते खाकरणंही माझ्याकडे होतं.

"आपा," एजे हळू म्हणाली, "ते जे बोलले तेवढं मी सोडेन. ते जे बोललेच नाहीत त्याला होकार कुणाचा घेऊ? तुमचा अंगठा तुमचा. त्यांचा नाही तो."

"तुझं काय जातं?" म्हातारी ओरडली. "तुझी मुलगी आहे का तिकडे?"

एजेनं मान खाली घातली. आपानं रागानं तोंड फिरवलं. कढईतलं तेल करपायला लागलं होतं, मी उठून आंच कमी केली. खोलीत तिघीच होतो. सातिबाल्दी आकेचा फोन कपाटाला टेकलेला, त्याच्यापासून आम्ही सगळ्या हातभर लांब.

तेवढ्यात एजेच्या पिशवीतला फोन वाजला. तिनं काढून बघितला. मी वाकून वाचलं. सातिबाल्दी आकेच्या नावावरून निरोप आला होता, सकाळच्या संचाखाली.

'पॉपलर? पॉपलरला खिळा धरत नाही. बर्च लिहा.'

आम्ही दोघींनी एकदम कपाटाकडे बघितलं. म्हाताऱ्याचा फोन उजळला होता. त्याच्या पडद्यावर तेच वाक्य, त्यानंच लिहिल्यासारखं उजव्या बाजूला. कुणी हात लावला नव्हता. आपानं मागे सरकून भिंतीला पाठ लावली आणि तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव निघालं, हाक मारावी तसं. मी कुराणातलं जे आठवेल ते पुटपुटायला लागले. आठवत काहीच नव्हतं.

एजे मात्र खाली बसली. रुमालाला हात पुसला आणि दर गुरुवारी उत्तर द्यायची तसं उत्तर टाइप केलं, 'दुरुस्ती मिळाली. ही दुरुस्ती कोण देतंय?'

वर 'लिहीत आहे' अशी अक्षरं आली. गेली. पुन्हा आली. एजेच्या फोनवर आम्ही ती बघत राहिलो.

'आयपेरी. मुलगी.'

मग एकामागून एक निरोप येत गेले. बापाचं टेलिग्राम तिनं पहिल्यांदा स्वतःच्या फोनवर चालू केलं होतं, ते तिकडे तसंच उघडं राहिलं होतं. तिला सगळं दिसत होतं. 'मामाकडून शिकले' याच्याखाली अंगठा बघितला त्याच दिवशी तिला कळलं. तिनं लिहिलं होतं, 'बाबा जिवंत असते तर त्यांच्या आजोबांना कुणी असं पुसून टाकू दिलं असतं का? मी आईला विचारलं नाही. तिला ते तोंडानं सांगायला लागलं असतं, एकटीला, फोनवर. म्हणून मीही हसत बसले. पण पॉपलर नाही हो एजे. पॉपलर छापू नका.'

एजेनं तो फोन आपाच्या हातात दिला. म्हातारीला अक्षरं लवकर लागत नव्हती. बोट ठेवून ठेवून तिनं वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. रडली नाही. मला तिच्या त्या न रडण्याची मघाच्या उजळलेल्या फोनपेक्षा जास्त भीती वाटली.

एजेनं विचारलं, 'उद्यापासूनच्या लावून ठेवलेल्या सगळ्या वेळा काढून टाकू?'

'काढा. बाबा गेल्याचं लिहा. मजकूर मला दाखवा.'

एजेनं आयुष्यात मजकूर लिहिला नव्हता, ते काम एर्मेकचं. तिनं तिथेच जमिनीवर बसून लिहिलं, 'आमचे लाडके उस्ताद सातिबाल्दी आता आपल्यात नाहीत. त्यांच्या हातची खोगिरं मात्र अजून धावत आहेत.' पाठवलं. उत्तर लगेच आलं.

'दुसरं वाक्य काढा, खोगीर धावत नाही, घोडा धावतो. लाडके काढा. आपल्यात नाहीत काढा. वारले असं लिहा.'

एजेनं दुरुस्त केलं, पुन्हा पाठवलं. 'उस्ताद सातिबाल्दी वारले.' खाली त्यांच्या आजोबांचं, वडलांचं आणि गावाचं नाव. आम्ही वाट बघत बसलो. बराच वेळ काही आलं नाही. एजेनं घाई केली नाही, विचारलंही नाही.

अंगठा आला. एजेनं दुकानाचं नाव मोठ्यानं वाचलं, बसस्थानकावर वाचायची तसं. मी पडद्यावर बघून 'हो' म्हणाले. पुढची वेळ लावण्याचा प्रश्नच नव्हता. तिनं ते तिथल्या तिथे सोडलं.

लगेच म्हाताऱ्याचा फोन वाजायला लागला. आयपेरी व्हिडिओवर होती, उशीला टेकलेली, चेहरा सुजलेला. आपा काळ्या रुमालातच पुढे झाली. फोन दोन्ही हातांत धरून तिनं तोंड उघडलं आणि पुन्हा घट्ट मिटलं. ओठ पांढरे पडेपर्यंत मिटून धरलं.

"रड ना आई," मुलगी म्हणाली. "बाळ हलतंय. त्याला काही होत नाही. रड, मी ऐकतेय."

मग बात्मा आपानं विलापाचा सूर लावला. मयताच्या दिवशी बायका लावतात तो, पूर्ण, शब्दांसकट. मुलगी तिकडून तिच्या मागोमाग म्हणत होती. कुणी तरी परिचारिका आत येऊन थांबल्यासारखी सावली पडद्यावर दिसली, पण ती मधे बोलली नाही. सोनुन एजे आणि मी बोरसोक कढईतून काढून परातीत ठेवत राहिलो, कारण ते कुणी तरी काढायलाच हवे होते.